जुनी गाडी, पहिली पॉलिसी : विम्याचा हप्ता ठरतो कसा?

गोव्यात अनेकांची विम्याशी पहिली गाठ पडते ती गाडीमुळे. नवी गाडी असेल तर शोरूमवालाच कागद पुढे करतो आणि हप्ता गाडीच्या किमतीत मिसळून जातो, पण जुनी गाडी घेणाऱ्याला स्वतः पॉलिसी निवडावी लागते आणि तेव्हा कोटेशनमधील एकेक आकडा डोळ्यांसमोर येतो. हा लेख अशा खरेदीदारासाठी आहे. उदाहरणादाखल फोंड्यातील एक शिक्षिका घेऊ. त्यांनी साडेतीन वर्षे जुनी, १२०० सीसीची पेट्रोल गाडी घेतली असून यापूर्वी त्यांच्या नावावर कोणतीही पॉलिसी नव्हती. विमा कंपनीने त्यांना १३,४५७ रुपयांचे कोटेशन दिले आहे. ही रक्कम आली कुठून, हे पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : कोटेशनचे दोन भाग वेगळे करा

एकूण रकमेकडे पाहून दोन कंपन्यांची तुलना करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, कारण त्या रकमेत दोन अगदी वेगळ्या प्रकारचे विमे एकत्र आलेले असतात. एक ‘थर्ड पार्टी’, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची, मृत्यूची किंवा मालमत्तेच्या हानीची भरपाई. दुसरा ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्याच गाडीचे झालेले नुकसान. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे, तर ओन डॅमेज ऐच्छिक आहे.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही. तो केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते, आणि १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी तो वर्षाला ३,४१६ रुपये होता. कोटेशन घेताना चालू अधिसूचनेतील दर पाहावा. तो सर्व कंपन्यांत सारखाच असला पाहिजे. एखाद्या एजंटाने ‘थर्ड पार्टीतही सूट करून देतो’ असे सांगितले, तर तो कुठल्या तरी दुसऱ्या रकमेविषयी बोलत आहे असे समजावे.

शिक्षिकेच्या कोटेशनमध्ये ओन डॅमेज ७,६५८ रुपये, थर्ड पार्टी ३,४१६ रुपये आणि मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ३३० रुपये असे धरू. बेरीज ११,४०४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २,०५३ रुपये, एकूण १३,४५७. यांपैकी कंपनीच्या हिशेबावर आणि आपल्या निवडीवर मुख्यतः अवलंबून असलेली रक्कम ७,६५८ रुपयांचीच आहे. म्हणून पुढील चर्चा तिच्याविषयी.

दुसरी पायरी : हे ७,६५८ रुपये कुणाच्या नुकसानीचे आहेत ते समजून घ्या

यातील एकही रुपया शिक्षिकेच्या गाडीच्या भवितव्याचा अंदाज बांधून ठरलेला नाही. तो अंदाज कुणालाच बांधता येत नाही. कंपनीला अंदाज बांधता येतो तो तशाच हजारो गाड्यांच्या समूहाचा.

समजा, एका कंपनीकडे अशा स्वरूपाच्या १०,००० गाड्या आहेत. मागील काही वर्षांच्या नोंदींवरून तिला दिसते की वर्षभरात साधारण १,८०० गाड्यांचे किरकोळ ते मध्यम नुकसानीचे दावे येतात आणि एका दाव्यामागे सरासरी २४,००० रुपये द्यावे लागतात. ही रक्कम झाली ४ कोटी ३२ लाख. याखेरीज चोरी किंवा पूर्ण नाश अशा २० घटना घडतात आणि प्रत्येकीला सरासरी ४ लाख ६५ हजार द्यावे लागतात. ते झाले ९३ लाख. एकूण ५ कोटी २५ लाख रुपये १०,००० गाड्यांत वाटले की गाडीमागे ५,२५० रुपये येतात. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण रीत हीच आहे. या ५,२५० रुपयांना विमाशास्त्रात शुद्ध जोखीम-हप्ता म्हणतात. उरलेल्या २,४०८ रुपयांत एजंटाचे कमिशन, नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचे शुल्क, कार्यालयाचा खर्च, पुनर्विमा, अंदाज चुकल्यास लागणारी राखीव गंगाजळी आणि नफा असतो.

येथे भिशीची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण फरक ध्यानात ठेवावा : भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो, विम्यात बहुतेकांचा लागतच नाही आणि त्यामुळेच ज्याचा लागतो त्याला त्याने भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट मिळू शकते. ‘इतकी वर्षे हप्ता भरला, एकदाही पैसे परत मिळाले नाहीत’ ही तक्रार करणाऱ्याचा पैसा बुडालेला नसतो. त्याचा मोठा भाग त्या १,८२० जणांकडे गेलेला असतो.

मग समूह मोठाच का लागतो? आपल्या वाड्यावरच्या पन्नास गाड्यांनी मिळून असा निधी उभारला, तर वरच्याच प्रमाणाने वर्षाला नऊ दावे अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात एखाद्या वर्षी चारच येतील, एखाद्या वर्षी चौदा. चौदा आले तर निधी संपतो आणि शेवटच्या पाच जणांच्या हाती काही पडत नाही. याउलट १०,००० गाड्यांत १,८०० दावे अपेक्षित असतील, तर बहुतेक वर्षी आकडा साधारण १,७२० आणि १,८८० यांच्या दरम्यान राहतो, म्हणजे चार-साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही. गाड्या वाढवल्याने अपघात कमी होत नाहीत; फक्त त्यांची वार्षिक संख्या अधिक भरवशाने सांगता येते आणि त्या भरवशावर हप्ता आधी ठरवता येतो.

या हिशेबाला एक मोठी अट आहे. एकाचे नुकसान आणि दुसऱ्याचे नुकसान यांचा एकमेकांशी संबंध नसावा. गोव्याने २०२१ साली ही अट दोनदा मोडलेली पाहिली. त्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली, आणि २३ जुलैच्या सुमारास म्हादईच्या पुराचे पाणी सत्तरी, डिचोली भागांत शिरले. केवळ सत्तरीतल्याच दहा हजार गाड्यांचा विमा उतरवणारी कंपनी असती, तर तिचा अंदाज एका रात्रीत निकालात निघाला असता. म्हणून कंपन्या समूह भौगोलिकदृष्ट्या पसरवतात आणि जोखमीचा काही हिस्सा पुनर्विमा कंपन्यांना विकतात. भारतात ‘जीआयसी री’ ही सरकारी कंपनी हे काम करते. वाळपईतील पुराचे पैसे अशा रीतीने राजस्थानातील कोरड्या वर्षातूनही येतात.

तिसरी पायरी : आपण कोणत्या गटात बसतो ते पाहा

सगळ्यांना ५,२५० हाच आकडा लावला, तर कमी जोखमीचे लोक दुसऱ्या कंपनीकडे जातील आणि मागे उरलेल्यांची सरासरी वर चढेल. हप्ता वाढला की आणखी काही चांगले ग्राहक जातील. ही गळती थांबवण्यासाठी कंपन्या समूहाचे गट पाडतात.

मोटार विम्याचे दर २००७ पर्यंत ठरावीक दरपत्रकानुसार असत आणि त्याची छाया आजही कोटेशनवर दिसते. त्या दरपत्रकात देशाचे दोन विभाग होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात आणि उर्वरित सारा देश ‘ब’ विभागात. गोव्यात नोंदलेली गाडी, मग ती पणजीची असो वा चोर्ला घाटाच्या पायथ्याची, ‘ब’ विभागातच येते. पाच वर्षांपर्यंतच्या १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ‘अ’ विभागात ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के असा दर होता. फरक अगदीच थोडा आहे. ‘गोव्याचे पासिंग म्हणजे हप्ता निम्मा’ असे कुणी म्हणत असेल तर त्यात तथ्य नाही.

हा टक्का लागतो तो आयडीव्हीला, म्हणजे गाडीच्या विमाकृत घोषित मूल्याला. त्या मॉडेलच्या चालू किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ते काढतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा आहे. शिक्षिकेच्या मॉडेलची किंमत आठ लाख धरली, तर आयडीव्ही ४,८०,००० येतो. त्यावर ३.१९१ टक्के म्हणजे १५,३१७ रुपये आणि कंपनीने दिलेली ५० टक्के सूट वजा जाता ७,६५८. ही सूट म्हणजे मेहेरबानी नव्हे. जुने दरपत्रक बंधनकारक राहिले नाही, आणि आता कंपनी मॉडेल, वाहनाचे वय, दुरुस्तीचा खर्च, स्वतःकडचे जुने दावे पाहून आपला दर ठरवते. ‘सूट’ हे तो दर सांगण्याचे जुने रूप आहे.

हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही उतरवून मागण्याचा मोह होतो. चार लाखांचा आयडीव्ही घेतला तर हप्ता १,२७६ रुपयांनी घटेल, पण गाडी चोरीला गेली तर हाती ८०,००० रुपये कमी येतील. दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना करायची असेल, तर आयडीव्ही दोघांकडे सारखाच ठेवून करावी. नाहीतर स्वस्त कंपनी सापडल्याचा केवळ भास होतो.

चौथी पायरी : विकणाऱ्याचा बोनस आपला नव्हे

जुन्या गाडीच्या व्यवहारात सर्वांत जास्त घोळ होतो तो येथे. गाडी विकणाऱ्याने तीन वर्षे एकही दावा केला नव्हता, म्हणून त्याच्या पॉलिसीत ३५ टक्के ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल ओन डॅमेज हप्त्यात मिळणारी सूट, लागलेला होता. मध्यस्थ सांगतो, “बाई, पॉलिसीला अजून आठ महिने आहेत, बोनससकट चालू आहे, नव्याने काही भरायला नको.” हे अर्धेच खरे आहे.

कायद्याने गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते. ओन डॅमेजचे तसे नाही. हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. बोनस तर मुळीच हस्तांतरित होत नाही, कारण तो गाडीचा नसून माणसाचा असतो. तीन वर्षे दावा न करणे हे कंपनीच्या दृष्टीने चालकाचे लक्षण आहे, आणि त्यावरून तो कमी दाव्यांच्या गटात गेलेला असतो. गाडी विकल्याने ते लक्षण विकले जात नाही. शिक्षिकेला त्या गटात बसवण्याइतकी माहिती कंपनीकडे नाही, म्हणून त्यांचा बोनस शून्य. ३५ टक्के बोनसाने त्यांचा ओन डॅमेज हप्ता ४,९७८ झाला असता. म्हणजे वर्षाचा फरक २,६८० रुपये. चालू पॉलिसीच नावावर करून घेतली, तर तिच्या उरलेल्या काळापुरता हा फरक प्रमाणात भरावा लागतो.

तो न भरता जुन्याच नावावर पॉलिसी ठेवली, तर पहिल्या अपघातापर्यंत काहीच बिघडलेले दिसत नाही. मग सर्व्हेअर गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि पॉलिसी शेजारी ठेवतो, दोन्हींवर दोन वेगळी नावे असतात, आणि दावा तिथेच अडतो. तपासण्याची खूण सोपी आहे : दोन्ही कागदांवर आपलेच नाव हवे आणि पॉलिसीवरील बोनसाचा टक्का आपण स्वतः कमावलेला हवा. नवीन पॉलिसीच्या अर्जात ‘मागील पॉलिसीत दावा केला होता का’ या प्रश्नापुढे एजंटाने परस्पर खूण केलेली नाही ना, हेही वाचून पाहावे.

पाचवी पायरी : समूहाच्या बाहेर काय ठेवले आहे ते वाचा

अपवादांची यादी वाचताना कंपनी पळवाटा शोधत आहे असे वाटते. काही कलमांविषयी तसे वाटणे गैरही नाही, परंतु बहुतेक अपवाद समूहाच्या हिशेबातून येतात. जे अनिश्चित आहे तेच वाटून घेता येते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने गाडीचा तळ गंजणे हे कोलव्यात किंवा कळंगुटला राहणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत कमीअधिक होणारच आहे. जे सर्वांचे होणार ते वाटून घेण्यात अर्थ नाही, फक्त त्यावर कंपनीचा खर्च तेवढा वाढेल. म्हणून गंज आणि झीज यांना संरक्षण नाही. प्लास्टिक व रबराचे भाग बदलताना ५० टक्के घसारा कापतात, त्यामागेही हेच कारण आहे.

दुसरा अपवाद गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकाला भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर ओन डॅमेजचा दावा नाकारला जातो. मालकाला हा अन्याय वाटतो, कारण हप्ता तर त्याने पूर्ण भरलेला असतो. पण तो हप्ता घरच्या माणसांनी घरच्या रस्त्यांवर चालवलेल्या गाड्यांच्या समूहाचा होता. दर तीन दिवसांनी नवा चालक, रात्रीचा अनोळखी रस्ता, गावातील अरुंद वळणे, हा वेगळाच समूह आहे. त्यासाठी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली रेंट-अ-कॅब नोंदणी आणि तिचा वेगळा, महाग विमा आहे.

तिसरा पावसाळ्यातला. साचलेल्या पाण्यात गाडी उभी असताना पाणी आत शिरले, तर ते पुराचे नुकसान आणि मूळ पॉलिसीत बसते. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी फिरवून सुरू करण्याचा प्रयत्न केला, इंजिनात पाणी ओढले गेले आणि आतले दांडे वाकले, तर कंपन्या ते मूळ अपघाताचे नव्हे, नंतरच्या कृतीचे नुकसान मानतात. यासाठी इंजिन संरक्षणाची पुरवणी मिळते. पणजीच्या मळा भागासारख्या सखल जागी गाडी ठेवणाऱ्याने ती घ्यावी असे माझे मत आहे. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याने, जो पावसात शहरात उतरतच नाही, त्याने घेतली नाही तरी चालेल. अडचण अशी की सगळे असाच विचार करतात, सखल भागातलेच लोक पुरवणी घेतात, आणि म्हणून ती तुलनेने महाग पडते. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी न फिरवता ती टो करून गॅरेजला नेणे, हे मात्र पुरवणी असो वा नसो, दोन्ही बाबतीत लागू आहे.

सहावी पायरी : लहान दाव्याचा हिशेब आधीच मांडून ठेवा

समजा, पहिल्याच वर्षी म्हापशाच्या बाजारात गाडी काढताना शिक्षिकेचा बंपर फुटला. बिल ७,००० रुपये : बंपर ४,०००, रंग व मजुरी ३,०००. बंपरचे निम्मे जातील, रंगाच्या सामानातून थोडे कापले जाईल, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे दर दाव्यात मालकाने स्वतः सोसायची रक्कम, जाईल. हाती साधारण साडेतीन हजार येतील.

आता दुसरी बाजू. बोनसाची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते आणि एका दाव्याने शून्यावर येते. दावा केला तर पुढच्या नूतनीकरणाला २० ऐवजी शून्य, त्याच्या पुढच्या वर्षी २५ ऐवजी २०, मग ३५ ऐवजी २५, ४५ ऐवजी ३५ आणि ५० ऐवजी ४५. ही तूट २०, ५, १०, १० आणि ५ अशी मिळून वर्षाच्या ओन डॅमेज हप्त्याच्या ५० टक्के होते. बोनसापूर्वीचा हप्ता पुढील वर्षांत सरासरी ६,००० धरला, तर ती ३,००० रुपये. म्हणजे साडेतीन हजारांसाठी तीन हजार घालवणे. फायदा पाचशेचा, त्यात गॅरेजच्या आणि सर्व्हेअरच्या फेऱ्या. असा दावा न करणेच बरे.

ज्याचा बोनस आधीच ५० टक्क्यांवर आहे, त्याचा हिशेब अधिक कडक आहे. त्याची तूट ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे वर्षाच्या हप्त्याच्या १२५ टक्के, वरच्याच आकड्याने ७,५०० रुपये. कंपनीकडून मिळणारी रक्कम याच्या खाली असेल तर त्याने गॅरेजचे बिल खिशातून द्यावे. हा आकडा आपापल्या हप्त्यावरून काढून पॉलिसीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा, कारण अपघात झाल्यावर रस्त्याच्या कडेला असा हिशेब कुणी करत नाही. मात्र दुसऱ्या माणसाला इजा झाली असेल, तर हा विचार बाजूला ठेवून पोलिसांना आणि कंपनीला ताबडतोब कळवावे. थर्ड पार्टीत इजा वा मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही आणि ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. नुसत्या थर्ड पार्टी दाव्याने बोनस जातही नाही.

कमावलेला बोनस टिकवण्यासाठी मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले पाहिजे. त्या दरम्यानच्या दिवसांत मात्र गाडीला कोणतेही संरक्षण नसते, आणि मुदत उलटल्यावर कंपनी गाडीची तपासणी केल्याशिवाय पुन्हा समूहात घेत नाही, कारण अपघात झाल्यानंतर पॉलिसी घ्यायला येणाऱ्यांचा अनुभव प्रत्येक कंपनीला आहे. फोंड्याच्या शिक्षिकेने पहिल्या पॉलिसीची अखेरची तारीख आजच कॅलेंडरवर, तिच्या दहा दिवस आधीच्या चौकटीत लिहून ठेवावी.